तीन मिनिटांचा परिचय

वार्षिक पारितोषिक वितरणाचा समारंभ. दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं, प्राचार्यांचं प्रास्ताविक झालं. सूत्रसंचालक म्हणतो, "यानंतर प्रमुख पाहुण्यांचा परिचय करून देतील..." आणि मागच्या बाकांवर कुजबुज सुरू होते. आता एक कागद वाचला जाणार हे मुलांना सवयीनं ठाऊक असतं. जन्म, शिक्षण, भूषवलेली पदं, मिळालेले पुरस्कार. कागद संपतो, टाळ्या वाजतात, शाल-श्रीफळ होतं, आणि पाहुणे बोलायला उभे राहतात तेव्हा हे नेमके कोण, हे सभागृहाला तितकंच माहीत असतं जितकं ते येण्याआधी होतं.

महाविद्यालयात शिकवण्याच्या काळात असे परिचय मी कितीतरी वेळा करून दिले आणि विद्यार्थ्यांकडून करवूनही घेतले. त्यातून एक गोष्ट पक्की झाली. परिचयाचं काम पाहुण्यांचं आयुष्य सांगण्याचं नसतं. पुढचा अर्धा तास हे माणूस का ऐकावं, याचं एक ठोस कारण सभागृहाच्या हाती देणं, एवढंच ते असतं. कार्यक्रम का आहे हे प्रास्ताविकात येतं, कृतज्ञता आभारात येते. परिचयाच्या वाट्याला मधली तीन मिनिटं येतात.

ती कशी वापरायची, ते एका उदाहरणातूनच पाहू. समजा, तुमच्या महाविद्यालयात राहीबाई पोपेरे प्रमुख पाहुण्या म्हणून येणार आहेत आणि परिचयाची जबाबदारी तुमच्यावर आली आहे. हे उदाहरण मुद्दाम घेतलं, कारण परिचयाचा नेहमीचा साचा इथे दुसऱ्याच ओळीत अडतो. साच्यातली दुसरी ओळ असते 'शिक्षण', आणि राहीबाई शाळेत गेलेल्या नाहीत. मग परिचय करून देणारा गोंधळतो. कधी तो ती ओळ गाळून थेट पुरस्कारांवर उडी मारतो, तर कधी 'अशिक्षित असूनही' असं म्हणून जातो. व्यासपीठावर बसलेल्या माणसाच्या तोंडावर उच्चारलेला हा शब्द कौतुकाच्या वाक्यात असला, तरी लागतो. 'त्या शाळेत गेल्या नाहीत' हे साधं सत्य आहे आणि ते साधेपणानं सांगता येतं. त्याला 'असूनही' जोडलं, की आपण त्यांच्या कामाला पदवीच्या फूटपट्टीनं मोजायला लागतो.

पहिलं काम माहिती गोळा करण्याचं. बहुतेक ठिकाणी आदल्या रात्री मोबाइलवर नाव शोधतात आणि समोर येईल ते उतरवून काढतात. त्यात जुनी पदं, चुकलेली सालं, दुसऱ्याच कुणाचा पुरस्कार असं काहीही शिरतं. खरी वाट म्हणजे पाहुण्यांना किंवा त्यांच्याबरोबर काम करणाऱ्यांना चार दिवस आधी फोन करणं. विचारायचे प्रश्न थोडेच असतात. नाव आणि गावाचं नाव नेमकं कसं उच्चारायचं? सध्या मुख्य काम कोणतं चाललं आहे? आणि परिचयात कोणती गोष्ट सांगू नये असं वाटतं? हा शेवटचा प्रश्न फार थोडे जण विचारतात, आणि तोच सगळ्यांत उपयोगी आहे.

त्याची किंमत मला एकदा मोजावी लागली. एका कार्यक्रमात पाहुण्यांच्या आयुष्यातला सगळ्यांत हृद्य प्रसंग मी रंगवून सांगितला. सभागृह स्तब्ध झालं आणि मला वाटलं, परिचय उत्तम जमला. पाहुणे उभे राहिले आणि म्हणाले, "मी जे सांगायला आलो होतो, ते ताईंनी सांगितलंच आहे." त्यानंतर ते जेमतेम सात-आठ मिनिटं बोलले. त्यांची गोष्ट मी वापरून टाकली होती. तेव्हापासून नियम केला, की पाहुण्यांच्या आयुष्यातलं वळण त्यांच्याच तोंडून यायला हवं. परिचयात कामाचं स्वरूप सांगायचं. त्या कामाकडे त्या कशा वळल्या, ते त्यांच्यासाठी राखून ठेवायचं. राहीबाई बियाण्यांकडे का वळल्या हे तुम्हाला कितीही नीट माहीत असलं, तरी ते सांगायचा हक्क त्यांचा आहे.

दुसरी चूक निमंत्रणपत्रिकेतच होते आणि तिथून परिचयात येते. राहीबाईंना २०२० सालचा पद्मश्री सन्मान जाहीर झाला आणि नोव्हेंबर २०२१मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते तो प्रदान झाला. साहजिकच पत्रिकेवर 'पद्मश्री राहीबाई पोपेरे' असं छापलं जातं आणि फलकावरही तसंच रंगवलं जातं. पण पद्म सन्मान ही नावाला जोडायची पदवी नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली हे स्पष्ट केलं आहे. राज्यघटनेच्या १८व्या कलमानं पदव्या रद्द केल्या असल्यामुळे भारतरत्न किंवा पद्म सन्मान नावाच्या आधी वा नंतर लावता येत नाहीत. म्हणून परिचयात 'पद्मश्री राहीबाई' असं न म्हणता 'राहीबाईंना २०२० साली पद्मश्री सन्मान मिळाला' असं म्हणावं. ऐकायलाही तेच बरं वाटतं, कारण नाव मोकळं राहतं आणि सन्मान त्याच्या जागी येतो.

आता प्रत्यक्ष परिचय. मी लिहिला असता तो असा:

"अध्यक्ष महोदय, प्राचार्य, व्यासपीठावरील मान्यवर आणि मित्रमैत्रिणींनो,

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी शेती आहे. दर वर्षी पेरणीआधी दुकानात जाऊन बियाण्याची पिशवी आणायची, हे आपण लहानपणापासून पाहत आलो. ती दर वर्षी का आणावी लागते? संकरित वाणाच्या पिकातलं बी ठेवून पुढच्या वर्षी पेरलं, तर सगळी झाडं सारखी येत नाहीत, आणि पहिल्या वर्षाचं उत्पन्नही पुन्हा मिळत नाही. म्हणून बियाणं विकत घ्यायचं. गावरान वाणाचं तसं नसतं. चांगल्या झाडाचं बी निवडून, नीट सुकवून, राख लावून मडक्यात ठेवलं, की तेच पुढच्या वर्षी पेरता येतं. आपल्या आज्या हे करत होत्या. आपल्या आयांच्या पिढीत ते बऱ्याच घरांतून थांबलं.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावात एका घरानं ते थांबू दिलं नाही. तिथे भात, वाल, भाज्या यांचे गावरान वाण गोळा झाले, शेतात लावून पारखले गेले आणि त्यांची बियाणं बँक उभी राहिली. बाएफ या संस्थेची त्या कामाला साथ मिळाली. ज्यांना बी हवं त्यांना ते द्यायचं आणि पीक आलं की त्यांनी जास्तीचं बी परत आणायचं, अशा देवाणघेवाणीतून हे वाण पुन्हा शेताशेतांत पोहोचले.

हे काम करणाऱ्या बाई शाळेत गेल्या नाहीत. पानाचा आकार, शेंगेचा रंग, दाण्याचा कस यांवरून वाण ओळखायला त्या शेतात शिकल्या. डॉ. रघुनाथ माशेलकरांनी त्यांना बीजमाता म्हटलं. २०१८ साली बीबीसीनं जगातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचं नाव घेतलं. २०१८ सालचा नारीशक्ती पुरस्कार आणि २०२० साली पद्मश्री सन्मान त्यांना मिळाला.

मित्रांनो, आपण वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत जे वाण चित्रांत पाहतो, त्यांतले काही त्यांनी हातांनी जपले आहेत. आजच्या आपल्या प्रमुख पाहुण्या, श्रीमती राहीबाई सोमा पोपेरे.

राहीबाई, महाविद्यालयाच्या वतीनं तुमचं मनापासून स्वागत. आम्ही ऐकायला बसलो आहोत."

घाई न करता वाचला, तर हा परिचय तीन मिनिटांच्या आत संपतो. टाळ्यांसाठी थांबायला जागाही उरते.

यात काय कुठे ठेवलं आहे ते पाहा. सुरुवात ऐकणाऱ्यांपासून, त्यांच्या घरच्या बियाण्याच्या पिशवीपासून झाली. मग प्रश्न आला, आणि त्या प्रश्नाचं उत्तर ज्यांच्याकडे आहे ते माणूस हळूहळू पुढे आलं. नाव सगळ्यांत शेवटी घेतलं. कार्यक्रमाच्या फलकावर नाव मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, त्यामुळे ते लपवण्याचा इथे हेतू नाही. टाळ्या नाव उच्चारल्यावर पडतात, आणि तोवर त्या कशासाठी वाजवायच्या हे सगळ्यांना कळलेलं असतं. नाव पहिल्या वाक्यात घेतलं, तर टाळ्या शिष्टाचाराच्या पडतात.

पुरस्कार दोन वाक्यांत संपवले. राहीबाईंना मिळालेले सन्मान यापेक्षा खूप जास्त आहेत आणि ते सगळे वाचले, तर वेळ जाईलच, शिवाय पुढचा नवा सन्मान ऐकताना आधीचा विसरला जाईल. 'ज्यांना परिचयाची गरज नाही', 'सूर्यासमोर काजव्यानं काय बोलावं' अशी वाक्यंही नाहीत. परिचयाची गरज नसती, तर आपण व्यासपीठावर उभेच राहिलो नसतो, आणि काजव्याच्या उपमेत सगळ्यांचं लक्ष पाहुण्यांवरून निघून बोलणाऱ्याकडे जातं.

शेवटच्या ओळीत मात्र मी दिशा बदलली आहे. तोवरचं सगळं बोलणं सभागृहाशी होतं आणि राहीबाईंचा उल्लेख 'त्या' असा होता. स्वागताचं वाक्य त्यांच्याकडे वळून, त्यांच्या डोळ्यांत पाहून, 'तुमचं' असं म्हणून. 'आपले सहर्ष हार्दिक स्वागत करण्यात येत आहे' ही कचेरीतली भाषा झाली. शेतात काम करणाऱ्या बाईंना घरी आलेल्या माणसाचं स्वागत करावं तसं करायचं, तर शब्दही घरचेच हवेत. हे वाक्य कागदावरून वाचू नये. बाकीचं सगळं वाचलं तरी चालेल, पण हे पाठ असावं.

कार्यक्रमाच्या सकाळी एक काम उरतं. कागदावरची सालं, गावाचं नाव आणि पूर्ण नाव पाहुण्यांसोबत आलेल्या माणसाला वाचून दाखवायचं. 'कोंभाळणे' हे नाव दोनदा मोठ्यानं म्हणून पाहायचं. गावाचं नाव चुकलं, की पाहुण्यांच्या बोलण्याची सुरुवात दुरुस्तीनं होते, आणि पुढे बराच वेळ तेच सभागृहाच्या लक्षात राहतं.

परिचय जमला का, हे पाहुण्यांच्या पहिल्या दोन वाक्यांवरून कळतं. त्यांनी आपलंच काम पुन्हा सांगायला सुरुवात केली, तर परिचय अपुरा पडला. सांगायला आता फारसं काही उरलं नाही असं त्या म्हणाल्या, तर परिचय लांबला. आणि माइक हाती घेतल्यावर त्यांनी सरळ विचारलं, "तुमच्यापैकी कुणाच्या घरात अजून गावरान वालाचं बी आहे?" आणि मागच्या बाकावरचे चार-पाच हात वर गेले, तर त्या तीन मिनिटांचं काम झालं.