रिपोर्ट मारा रे!

शुक्रवार, संध्याकाळचे सहा. शेवटचा मेल टाकून तुम्ही बॅग भरताय, तेवढ्यात कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक लिंक पडते. खाली मेसेज : ‘या चॅनेलने आपली बदनामी चालवली आहे. सगळ्यांनी रिपोर्ट मारा. दहा सेकंद लागतात. पुढे पाठवा.’ ग्रुपमध्ये दोनशे जण. व्हिडिओ कुणीच बघितलेला नाही, पण लिफ्ट येईपर्यंत तीस-चाळीस जणांनी बटण दाबलेलंही असतं. कारण कुठलं निवडलं? जे पहिलं दिसलं ते!

प्रामाणिकपणे सांगा, तुम्हीही कधीतरी दाबलंय ना?

आता त्या बटणाच्या पलीकडे काय होतं, ते बघू. आपल्याला वाटतं की हजार लोकांनी बोंब मारली की व्हिडिओ आपोआप उडतो. यूट्यूबचं म्हणणं तसं नाही. एखादा व्हिडिओ किती वेळा रिपोर्ट झाला याला महत्त्व नाही, तो नियम मोडतो का एवढंच तपासलं जातं, असं कंपनी वर्षानुवर्षं सांगत आली आहे. मग झुंडीने रिपोर्ट करून चॅनेल बंद पडतात, ते कसे?

अकरा हजार व्हिडिओ, बारा तक्रारी

यासाठी थोडं लांब जावं लागेल, थेट कझाकस्तानात. ‘अताजुर्त कझाक ह्यूमन राइट्स’ हे तिथलं चॅनेल. चीनच्या शिंजियांग प्रांतात उइगुर आणि कझाक मुस्लिमांना छावण्यांमध्ये डांबलं जात होतं, तेव्हा पलीकडे राहणारे त्यांचे नातेवाईक या चॅनेलवर येऊन कॅमेऱ्यासमोर बोलायचे. माझा भाऊ, माझी आई, अमुक तारखेपासून पत्ता नाही. बस, एवढंच. ना म्युझिक, ना ग्राफिक्स. 2017 पासून जवळजवळ 11,000 व्हिडिओ जमा झाले, 12 कोटींहून जास्त वेळा पाहिले गेले. सेरिकजान बिलाश हा या चॅनेलच्या संस्थापकांपैकी एक, त्याला 2019 मध्ये कझाकस्तानात अटकही झाली. चॅनेलवाल्यांच्या हार्ड डिस्क तिथल्या पोलिसांनी जप्त केल्या होत्या, त्यामुळे अख्खा साठा एकाच ठिकाणी उरला होता. यूट्यूबवर.

आणि 15 जून 2021 रोजी चॅनेल बंद!

कारण काय दिलं? सायबर-बुलिंग आणि छळवणूक. बारा व्हिडिओंवर या कलमाखाली तक्रार झाली होती. एप्रिलपासून जूनपर्यंत चॅनेलवाल्यांनी बाराही व्हिडिओंसाठी अपील केलं, काही परत आले, काही का आले नाहीत ते कुणी सांगितलं नाही. चीनची बाजू घेणारे गट ठरवून रिपोर्ट करताहेत, असा त्यांचा संशय होता. रॉयटर्स या वृत्तसंस्थेने यूट्यूबला विचारणा केली, आणि 18 जूनला चॅनेल परत सुरू झालं. तेव्हा कुठे खरं कारण कळलं. बेपत्ता माणसाशी आपलं नातं आहे हे दाखवायला नातेवाईक कॅमेऱ्यासमोर ओळखपत्र धरत होते. ओळखपत्रावर नंबर असतो, आणि कुणाची खाजगी माहिती व्हिडिओत दाखवायची नाही हा यूट्यूबचा नियम आहे.

गंमत बघा (गंमत कसली म्हणा!). आईला शोधणाऱ्या मुलीने कुणाचा छळ केला? कुणाचाच नाही. पण कलमाचं एक टोक तिच्या हातातल्या कार्डात अडकलं होतं. तक्रार करणाऱ्याचा हेतू काहीही असो, तपासणाऱ्याला स्क्रीनवर कार्ड दिसलं आणि नियम लागू झाला. झुंड जिंकते ती अशी. ती आकड्याच्या जोरावर जिंकत नाही, तुमच्या एका कच्च्या दुव्यावर बोट ठेवून जिंकते.

लॉटरीची तिकिटं

दुसरी गोष्ट साध्या गणिताची. यूट्यूबवर आधी एक इशारा मिळतो, मग स्ट्राइक. पहिल्या स्ट्राइकला आठवडाभर काही अपलोड करता येत नाही, दुसऱ्याला दोन आठवडे, आणि 90 दिवसांत तिसरा आला की चॅनेल गेलं. आता समजा, तपासणारा माणूस फारच चांगला आहे, शंभरात एकदाच चुकतो. एकाच व्हिडिओवर हजार रिपोर्ट पडले, तर फार तर एकदा चुकायची संधी. पण त्याच झुंडीने चारशे वेगवेगळ्या व्हिडिओंवर रिपोर्ट टाकले, तर? शंभराला एक या हिशोबाने चार चुका. इशारा अधिक तीन स्ट्राइक, खेळ खल्लास! म्हणून सराईत टोळ्या एका व्हिडिओमागे लागत नाहीत, जुनेपाने व्हिडिओ उकरत बसतात. ज्याच्याकडे अकरा हजार व्हिडिओ, त्याला धोका जास्त. अताजुर्तचे अडकलेले व्हिडिओ किती होते आठवा. हजारात एक.

खरी तक्रार कशी दिसते?

मग तपासणाऱ्यांनी करायचं काय? तक्रारी खऱ्याही असतातच. कुणाचा फोटो परवानगीशिवाय टाकलाय, कुणाला धमकी दिली आहे, त्यांनी जायचं कुठे?

खरी तक्रार सहसा एकट्याची असते. तिला एक ठिकाण असतं : चौथ्या मिनिटाला विसाव्या सेकंदाला माझ्या घराचा पत्ता दिसतोय. तिला एक दुखणं असतं. यूट्यूबवर खाजगीपणाच्या तक्रारीची वेगळी वाट आहे ती याचसाठी. तिथे साधारणपणे ज्याची माहिती उघड झाली त्यानेच तक्रार करायची असते, आणि व्हिडिओ टाकणाऱ्याला ती गोष्ट काढायला किंवा झाकायला 48 तास दिले जातात. शेजाऱ्याच्या वतीने चारशे अनोळखी माणसं तिथे जाऊ शकत नाहीत.

झुंडीची तक्रार वेगळी दिसते. दोन महिने शांत पडलेल्या व्हिडिओवर एका तासात रिपोर्टचा पाऊस पडतो. शब्द तेच, चुकासुद्धा त्याच, कारण सगळ्यांनी एकाच मेसेजमधून कॉपी केलेलं असतं. एकाच व्हिडिओवर कुणी अश्लील म्हणतो, कुणी दहशतवादी, कुणी स्पॅम. असं सगळं एकदम असणारा व्हिडिओ विरळाच! तक्रार करणाऱ्या खात्यांचा इतिहास काढला तर त्यांच्या आधीच्या तक्रारीही बहुतेक फेटाळलेल्या निघतात.

हा शेवटचा मुद्दा सगळ्यात कामाचा. युरोपच्या डिजिटल सर्व्हिसेस अ‍ॅक्टने तर तो कायद्यातच घातला आहे. उघडउघड निराधार तक्रारी वारंवार करणाऱ्याला आधी इशारा द्यायचा आणि मग काही काळ त्याच्या तक्रारी घेणंच थांबवायचं. ठरवताना नुसता आकडा बघायचा नाही, तर त्याच्या एकूण तक्रारींपैकी खोट्या किती, नुकसान किती आणि हेतू काय, हेही बघायचं. म्हणजे शंभर तक्रारी करून नव्वद खऱ्या ठरलेला माणूस सुटतो, आणि दहा करून दहाही फोल ठरलेला सापडतो.

फेसबुकवाल्या मेटाने डिसेंबर 2021 मध्ये व्हिएतनाममधली एक टोळी पकडली, तिची युक्ती ऐकाच. सरकारवर टीका करणाऱ्यांची खाती उडवायची होती. त्यासाठी यातले काही जण त्या माणसाच्याच नावाचं नवं खातं काढायचे आणि मग तक्रार करायचे की, हा खरा माणूसच माझी नक्कल करतोय! काहींवर शेकडो, काहींवर हजारो तक्रारी. असल्या वेळी दोन्ही खात्यांची जन्मतारीख तपासली की पुरे. नक्कल आधी आणि अस्सल नंतर, असं कसं होईल?

तुमचं चॅनेल असेल तर

आता समजा, तुमचा ट्रेकिंगचा किंवा शहरातल्या खड्ड्यांचा एक चॅनेल आहे आणि कुणाचं तरी पित्त खवळलंय. पहिली अडचण ही की, कुणी आणि किती जणांनी रिपोर्ट केलं ते तुम्हाला कधीच दिसत नाही. दिसतात त्या सावल्या. स्टुडिओमध्ये बाहेरच्या एखाद्या अ‍ॅपवरून अचानक गर्दी आलेली दिसते, आणि ती गर्दी पहिल्या पंधरा-वीस सेकंदांत पळालेली असते. ही बघायला आलेली माणसं नव्हेत. त्या वेळेचे स्क्रीनशॉट घ्या. ‘रिपोर्ट मारा’वाला मेसेज कुणी पाठवला तर तोही तारखेसकट ठेवा.

घाबरून व्हिडिओ डिलीट करू नका. व्हिडिओ काढला तरी स्ट्राइक जात नाही. आणि आपल्या फॅन्सना ‘तुम्हीही त्यांना रिपोर्ट मारा’ असं तर चुकूनही सांगू नका, कारण मग तपासणाऱ्याच्या नजरेत झुंडी दोन होतात.

अपील मात्र जपून लिहा. एका स्ट्राइकला एकच संधी असते. ‘माझ्यावर अन्याय झालाय, माझे शत्रू आहेत’ हे खरं असलं तरी तपासणाऱ्याला त्याचा उपयोग नाही, तो शत्रू तपासतच नाही. त्याला सांगायचं ते असं : तुम्ही छळवणुकीचं कलम लावलंय. 2:10 ते 2:40 मध्ये दिसणारी व्यक्ती स्वतःबद्दल बोलतेय, कुणाला धमकी नाही, कुणाचा पत्ता नाही, हा माहितीपट स्वरूपाचा व्हिडिओ आहे आणि तसं सुरुवातीलाच म्हटलंय. चार ओळी पुरतात. म्हणूनच संदर्भ व्हिडिओच्या आतच सांगितलेला बरा. तिथेही डाळ शिजली नाही तर भारतात आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जायचं. त्याचा निर्णय पटला नाही, तर 2023 पासून सरकारची तक्रार अपील समिती आहे. तिच्याकडे 30 दिवसांत ऑनलाइन दाद मागता येते.

आणि कच्चा दुवा? तो झुंडीच्या आधी आपण शोधायचा. गाडीचा नंबर, कुणाचं आधार कार्ड, मागे दिसणारी शाळेतली मुलं, झाकून टाका. आपल्यासाठी हे दोन मिनिटांचं काम आहे.

अताजुर्तसाठी नव्हतं. ओळखपत्रं ब्लर करा, असं यूट्यूबने त्यांना सांगितलं. ते अडखळले, कारण कार्ड झाकलं की ही माणसं खरी कशावरून, असं विचारायला तीच मंडळी मोकळी. शेवटी त्यांनी व्हिडिओ ओडिसी नावाच्या दुसऱ्या साइटवर हलवायला घेतले. जून 2021 च्या अखेरपर्यंत 11,000 पैकी 975 तिकडे गेले होते. ते काम चालू असतानाच यूट्यूबकडून पुन्हा यंत्राने पाठवलेल्या नोटिसा येऊन धडकल्या. आणखी काही व्हिडिओ लपवले होते, आणि या वेळी कलम होतं हिंसक गुन्हेगारी संघटनांना प्रोत्साहन दिल्याचं.