पडद्यावरच्या सावलीच्या हद्दी

मोकळ्या माळरानाचा देखावा असलेला एखादा व्हिडिओ गेम लावा आणि चालताना पुढच्या जमिनीकडे नीट बघा. काही गेममध्ये दहा-पंधरा मीटरांवर एक आडवी रेघ दिसते. रेघेच्या अलीकडे गवताची सावली रेखीव असते, पलीकडे तीच एकदम फिसकटलेली. तुम्ही चालाल तशी ही रेघही पुढे सरकत राहते. ती तिथे का उमटते आणि ती पुसायची कशी, याचे उत्तर थोड्याशा साध्या हिशेबात आहे.

संगणकावर सावली काढण्याची आज रूढ असलेली रीत लान्स विल्यम्स यांनी १९७८ मध्ये मांडली. देखावा आधी सूर्याच्या जागेवरून पाहायचा आणि सूर्याला दिसणारी प्रत्येक जागा त्याच्यापासून किती अंतरावर आहे, हे एका चौकोनी तक्त्यात नोंदवायचे. या तक्त्याला शॅडो मॅप म्हणतात आणि त्यातल्या एका घराला टेक्सेल. मग कॅमेऱ्याला दिसणारा प्रत्येक बिंदू या नोंदीशी ताडून बघायचा. तो नोंदीतल्या अंतराहून दूर असेल, तर वाटेत काहीतरी आडवे आले आहे, म्हणजे तो सावलीत आहे.

अडचण येते ती विस्तारामुळे. आपला कॅमेरा ६० अंशांचा उभा कोन पाहतो, पडदा १९२० बाय १०८० चा आहे आणि सावल्या ५०० मीटरांपर्यंत हव्या आहेत, असे धरू. कॅमेरा कुठेही वळला तरी दिसणारा सगळा भाग मावायचा, तर तक्त्याला सुमारे ११८० मीटर रुंदीचा चौकोन झाकावा लागतो. तक्त्यात एका बाजूला २०४८ घरे असली, तर एक घर ५७ सेंटिमीटरांचे झाले. एवढ्या मोठ्या घरात माणसाची सावली धड उमटत नाही, मग गवताची काय उमटणार?

म्हणून दिसणाऱ्या अंतराचे तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र तक्ता देतात. एकाच मापाच्या कागदावर अंगण, गाव आणि तालुका असे वेगवेगळे नकाशे काढावेत, तसे हे आहे. या तुकड्यांना कॅस्केड म्हणतात. सहसा ते चार असतात, आणि खरा प्रश्न असतो तो त्यांच्या हद्दी कुठे आखायच्या हा.

समान वाटणी केली, तर हद्दी १२५, २५०, ३७५ आणि ५०० मीटरांवर येतात. पहिल्याच कॅस्केडमध्ये एक घर १४ सेंटिमीटरांचे होते, म्हणजे पायाजवळची सावली ओबडधोबडच राहते. दुसरी रीत गुणोत्तराची. वस्तू दुप्पट दूर गेली की पडद्यावर निम्मी दिसते, तेव्हा प्रत्येक हद्दही आधीच्या हद्दीच्या ठरावीक पट असावी, हा त्यामागचा विचार. कॅमेरा अर्ध्या मीटरापासून पुढचे पाहत असेल, तर हे प्रमाण ५.६ पट येते आणि हद्दी २.८, १६, ८९ आणि ५०० मीटरांवर पडतात.

कागदावर ही वाटणी आदर्श आहे, पण प्रत्यक्षात तिच्यात एक कॅस्केड वाया जातो. खेळाडूचे डोळे जमिनीपासून १.७ मीटर उंच असतील आणि तो समोर पाहत असेल, तर त्याच्या नजरेची खालची कड जमिनीला २.९ मीटरांवर टेकते. पहिला कॅस्केड तर २.८ मीटरांवरच संपला! चारांतला एक तक्ता जिथे बहुतेक वेळा जमीनच दिसत नाही अशा जागेवर खर्च झाला.

फॅन झांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दोन्ही रीतींचे मिश्रण सुचवले. मिश्रणाचे प्रमाण लॅम्डा या आकड्याने ठरते. लॅम्डा ० असेल तर समान वाटणी, १ असेल तर गुणोत्तराची. आपल्या उदाहरणात ०.९ घेतले, तर हद्दी १५, ३९, ११८ आणि ५०० येतात. त्या उपयोगी आहेत, पण ०.९च का, याचे कारण या सूत्रात सापडत नाही.

ते कारण जमिनीत आहे. गुणोत्तराचा हिशेब कॅमेऱ्याच्या अर्ध्या मीटरापासून न धरता, जमीन दिसू लागते त्या सुमारे ३ मीटरांपासून धरून पाहा. आता प्रमाण ३.६ पट येते आणि हद्दी ११, ३९, १३९ आणि ५०० वर पडतात. लॅम्डा चाचपडत जिथे पोहोचलो, जवळपास तिथेच आपण कारणासह पोहोचलो. तीन मीटरांच्या आतल्या वस्तूही सुटत नाहीत, कारण पहिला तक्ता त्यांनाही झाकतो. मर्यादा एकच: खेळाडूने थेट पायाखाली पाहिले, तर पहिल्या कॅस्केडचे सव्वा सेंटिमीटरांचे घर पडद्यावर सुमारे सात पिक्सेल व्यापते आणि सावली मऊ वाटते. पडद्यावर खरोखर काय दिसते, ते दर फ्रेमला मोजून हद्दी ठरवण्याची पद्धतही २०११ मध्ये आली. पण हद्दी सतत हलल्या की घरांचे माप बदलते आणि सावल्यांच्या कडा चुळबुळू लागतात.

हद्दी योग्य जागी आल्या, तरी घराचे माप प्रत्येक हद्दीवर ३.६ पट वाढतेच. सुरुवातीची रेघ हीच. सावलीची कड मऊ करण्यासाठी शेजारच्या काही घरांची सरासरी घेतात. घर मोठे झाले की तो मऊपणाही तितकाच रुंदावतो, म्हणून फरक डोळ्यांत भरतो. यावर उपाय मिश्रपट्ट्याचा. प्रत्येक कॅस्केडच्या शेवटच्या दहा टक्के भागात दोन्ही तक्ते वाचायचे आणि एकाचे वजन हळूहळू कमी करत दुसऱ्याचे वाढवायचे:

```
t = saturate((z - (end - band)) / band);
shadow = lerp(s0, s1, t);
```

इथे `z` म्हणजे बिंदूचे कॅमेऱ्यापासूनचे अंतर, `end` ही हद्द आणि `band` ही पट्ट्याची रुंदी. पुढच्या तक्त्याने हा पट्टा झाकलेला असलाच पाहिजे, नाहीतर पट्ट्यात सावलीला भोके पडतात. पट्ट्यात काम दुप्पट होते, पण सपाट जमिनीवर पहिल्या हद्दीचा पट्टा पडद्याच्या जेमतेम १७ ओळी व्यापतो आणि तिसऱ्याचा एकच. त्यामुळे रेघ पुसली गेली की नाही, हे सपाट मैदानात तपासू नका. समोर चढत जाणाऱ्या टेकडीवर तपासा. तिथे तोच पट्टा उभा पसरतो आणि दोष लपत नाही.

एक दोष मात्र मिश्रणाने जात नाही. पृष्ठभागाने स्वतःवरच चुकीची सावली टाकू नये, म्हणून तुलनेत थोडी सूट ठेवतात. ही सूट चारही कॅस्केडना सारखीच ठेवली, तर दूरच्या जमिनीवर काळे पट्टे उमटतात. ते घालवायला ती सरसकट वाढवली, की जवळच्या खांबाची सावली बुडापासून सुटते. सूट घराच्या मापाच्या प्रमाणात हवी. मिश्रण करूनही हद्दीवरून जाताना सावली जागची सरकल्यासारखी वाटली, तर पट्टा रुंद करू नका, आधी ही सूट तपासा.

तेव्हा क्रम असा ठेवा. प्रत्येक कॅस्केडला वेगळा रंग देऊन हद्दी डोळ्यांनी पाहा, पहिली हद्द जमीन जिथून दिसते त्यावरून ठरवा, सूट मापाप्रमाणे बसवा आणि मिश्रण सर्वांत शेवटी करा. चुकीच्या जागी पडलेली हद्द मिश्रणाने झाकते, सुधारत नाही.