सोळा जीबी आहे, मग अडतं कुठं?

जुलै २०२३ मध्ये एनव्हिडियाने आरटीएक्स ४०६० टीआय या ग्राफिक्स कार्डाची १६ जीबीची आवृत्ती बाजारात आणली. त्याआधी दोनच महिन्यांपूर्वी याच नावाचं ८ जीबीचं कार्ड ३९९ डॉलरला आलं होतं. हे ४९९ डॉलरला. आतली चिप तीच, मेमरीचा वेग तोच, फक्त मेमरी दुप्पट. ज्या खेळांना ८ जीबी पुरत नव्हती, तिथं या कार्डाचा उपयोग झालाच. पण ४के पडद्यावर खेळणाऱ्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. डिसेंबर २०२० मध्ये आलेलं आरटीएक्स ३०६० टीआय, ज्यात अवघी ८ जीबी मेमरी होती, ते काही खेळांत या नव्या कार्डाला गाठत होतं, क्वचित मागेही टाकत होतं. १०८०पी मध्ये नवं कार्ड साधारण दहा टक्के पुढे असायचं. रिझोल्यूशन वाढवत गेलं की ही आघाडी आटत जायची.

गणिताच्या ताकदीत नवं कार्ड कमी नव्हतं. कागदावर ते सेकंदाला सुमारे २२ लाख कोटी आकडेमोडी करतं, जुनं सुमारे १६ लाख कोटी. मेमरीही दुप्पट. मग अडलं ते चिप आणि मेमरी यांच्या मधल्या रस्त्यात. जुन्या कार्डाची मेमरी बस २५६ बिटांची होती, नव्याची १२८ बिटांची.

बस म्हणजे चिप आणि मेमरी यांना जोडणाऱ्या तारांची रुंदी. १२८ बिटांची बस म्हणजे माहिती वाहणाऱ्या १२८ वाटा. नव्या कार्डात प्रत्येक वाटेवरून सेकंदाला १८ अब्ज बिट जातात. १२८ गुणिले १८, भागिले ८ (कारण आठ बिटांचा एक बाइट) केलं की सेकंदाला २८८ जीबी येतात. जुन्या कार्डात वाटेवरचा वेग कमी, १४ अब्ज बिट. पण वाटा दुप्पट, म्हणून सेकंदाला ४४८ जीबी.

मग मेमरी दुप्पट करताना बस का रुंद झाली नाही? जीडीडीआर६ जातीच्या एका मेमरी चिपला सहसा ३२ बिटांचा रस्ता लागतो. १२८ बिटांच्या बसला अशा चार चिपा जोडता येतात. २ जीबीची एक, म्हणून ८ जीबी. १६ जीबीसाठी बोर्डाच्या मागच्या बाजूलाही चार चिपा लावल्या आणि समोरासमोरच्या दोन चिपांना एकच रस्ता निम्मा निम्मा वाटून दिला. लग्नात भटारखान्यातली पातेली दुप्पट केली आणि वाढपी तेवढेच ठेवले, तर अन्न भरपूर उरेल, पंगत मात्र लवकर उठणार नाही. २८८ चे २८८ च राहिले.

आता हा आकडा एका फ्रेमला वाटून पाहू. खेळ सेकंदाला ६० फ्रेम काढत असेल, तर एका फ्रेमच्या वाट्याला २८८ भागिले ६०, म्हणजे ४.८ जीबी वाहतूक येते. सोळा जीबी मेमरी नुसती एकदा पूर्ण वाचायची म्हटली, तरी या कार्डाला सेकंदाचा अठरावा भाग लागेल. तेवढ्या वेळात तीन फ्रेम निघायला हव्यात. मेमरीत किती मावतं आणि एका फ्रेममध्ये त्यातलं किती हाताशी येतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. खोक्यावर मोठ्या अक्षरात फक्त पहिल्याचं उत्तर छापलेलं असतं.

हेच ४.८ जीबी पिक्सेलांना वाटा. १०८०पी चित्रात सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात. प्रत्येकाच्या वाट्याला २,३०० बाइट येतात. ४के मध्ये पिक्सेल चौपट, सुमारे ८३ लाख. वाटा उरतो ५८० बाइटांच्या आसपास. जुन्या कार्डाकडे ४के मध्येही पिक्सेलमागे ९०० बाइट असतात.

५८० बाइट एका ठिपक्याला पुष्कळ वाटतात, पण एक ठिपका एकदाच रंगवून होत नाही. आजच्या बऱ्याच खेळांत आधी प्रत्येक पिक्सेलसाठी पृष्ठभागाचा रंग, त्याची दिशा, खडबडीतपणा, खोली अशी माहिती मेमरीत लिहितात. वीस-पंचवीस बाइट त्यातच जातात. प्रकाशाचा हिशेब करताना ती परत वाचतात. सावल्यांचे नकाशे वाचावे लागतात, टेक्श्चर वाचावी लागतात. मग चित्र जवळपास तयार झालं की त्यावर धूसरपणा, चकाकी, कडा गुळगुळीत करणं असे एकामागून एक हात फिरतात. एका हातात पिक्सेलमागे ८ बाइट वाचले आणि ८ लिहिले, असं धरलं तर दहा हातांचे १६० बाइट होतात. आणि धूर! पारदर्शक धुराचे दहा थर एकावर एक आले, तर प्रत्येक थरासाठी आधीचा रंग वाचून मिसळून पुन्हा लिहावा लागतो. आणखी १६० बाइट. स्फोट झाला की फ्रेम कोसळतात, त्यामागे बऱ्याचदा हे असतं. शिवाय बस कागदावरचा पूर्ण वेग प्रत्यक्षात कधीच देत नाही. वाचन थांबवून लेखनाकडे वळण्यातही वेळ जातो.

एक गंमत अशी की रिझोल्यूशन चौपट केल्यावर मेमरीची जागा मात्र चौपट लागत नाही. पिक्सेलमागे २४ बाइट धरले, तर १०८०पी मध्ये ५० एमबी आणि ४के मध्ये २०० एमबी. सोळा जीबीपुढे ही वाढ किरकोळ. टेक्श्चर आणि खेळातल्या वस्तू, ज्यांनी खरी जागा व्यापलेली असते, त्या बहुतेक तशाच राहतात. म्हणून मेमरी पुरेशी आहे असं दिसतं, आणि ते खरंही असतं.

हे सगळं एनव्हिडियाच्या अभियंत्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. बस निम्मी करताना त्यांनी चिपच्या आतली कॅशे ४ एमबीवरून ३२ एमबीवर नेली. नुकतीच वापरलेली माहिती चिपच्या आतच जवळ ठेवायची, म्हणजे ती पुन्हा लागली तर बाहेरच्या मेमरीकडे जायलाच नको. कंपनीचा दावा असा की यामुळे बाहेरची वाहतूक सरासरी निम्म्याने घटते आणि २८८ चा परिणाम ५५४ जीबीसारखा मिळतो. दावा खोटा नाही. तो सरासरीचा आहे, आणि रिझोल्यूशन वाढलं की ती सरासरी ढळते.

पिक्सेलमागे ८ बाइट लागणारं एक चित्र घ्या. अधिक उजेड-अंधार साठवणाऱ्या खेळांत असं चित्र नेहमीचंच. १०८०पी मध्ये ते १६.६ एमबीचं होतं आणि ३२ एमबीत आरामात बसतं. १४४०पी मध्ये २९.५ एमबी, जेमतेम. ४के मध्ये ६६ एमबी. एक हात संपवून दुसरा सुरू करेपर्यंत चित्राचा पहिला भाग कॅशेतून ढकलला गेलेला असतो आणि तो पुन्हा बाहेरून आणावा लागतो.

मागितलेल्यातली निम्मी माहिती कॅशेत सापडली, तर २८८ ची बस ५७६ चं काम करते आणि जुन्या ४४८ ला सहज हरवते. तीस टक्केच सापडली, तर ४११ चं. म्हणजे साधारण ३६ टक्क्यांवर पारडं फिरतं, आणि यात जुन्या कार्डाच्या छोट्या कॅशेने केलेली बचत धरलेलीच नाही. ती धरली तर ते आणखी लवकर फिरेल. सगळा दोष बसवर टाकू नये, हेही सांगायला हवं. पिक्सेल मेमरीत लिहिणारी एककं जुन्या चिपमध्ये ८० होती, नव्यात ४८. तीही मोठ्या पडद्यावरच जाणवतात.

मग बस अरुंद का केली? मेमरीशी बोलणारी सर्किटं चिपच्या कडेला बसतात, आणि चिप बनवण्याचं तंत्र सुधारलं तरी ती बाकीच्या भागासारखी आकसत नाहीत. जुनी चिप ३९२ चौरस मिलिमीटरची होती, नवी १९० च्या घरात. एवढ्याशा चिपभोवती २५६ बिटांना कड महाग पडते आणि बोर्डावरचे तारांचे थरही वाढतात. कंपनीने हे कार्ड १०८०पी साठी म्हणूनच पुढे केलं होतं. खोक्यावरच्या १६ या आकड्याने ग्राहकाची अपेक्षा ४के पर्यंत नेली, हे मात्र विक्रीखात्याच्या सोयीचंच होतं.

आपल्या कार्डाचं नेमकं काय अडलंय ते घरी ओळखता येतं. मेमरी कमी पडली की खेळ अडखळतो: मान वळवली की झटका बसतो, भिंतीवरचं टेक्श्चर धूसर राहून उशिरा उमटतं. बस कमी पडली तर झटके नसतात; फ्रेम नुसत्या सगळीकडे कमी असतात, धुरात आणि स्फोटात अधिकच. कार्ड ९९ टक्के व्यस्त आहे या आकड्यावर विसंबू नका, कारण चिप मेमरीची वाट पाहत बसली तरी ती व्यस्तच मोजली जाते. जीपीयू-झेड या मोफत प्रोग्रॅममध्ये `Bus Width` आणि `Bandwidth` दिसतात. खेळ चालू असताना त्यातलं `Memory Controller Load` सतत खूप वर असेल, तर संशयाला जागा आहे.

खात्री करायची तर खेळातलीच बेंचमार्क चाचणी ४के वर चालवा. मग आफ्टरबर्नरमध्ये `Memory Clock` पाच टक्क्यांनी कमी करून तीच चाचणी पुन्हा घ्या. नंतर तो पूर्ववत करून `Core Clock` तेवढाच कमी करा. पहिल्या वेळी फ्रेम चार-पाच टक्क्यांनी पडल्या आणि दुसऱ्या वेळी जेमतेम हलल्या, तर अडथळा बसचा. उलट झालं, तर चिपचीच ताकद कमी पडते आहे.

बसचाच दोष निघाला, तर टेक्श्चरचा दर्जा उतरवून फारसं काही हाती लागत नाही; तो प्रामुख्याने जागेचा प्रश्न सोडवतो. धूर, धुकं, धूसर पार्श्वभूमी यांचा दर्जा कमी करा, किंवा डीएलएसएस वापरा. त्याच्या परफॉर्मन्स पर्यायात ४के चित्र आत १०८०पी मध्ये काढलं जातं आणि मग वाढवलं जातं, त्यामुळे बरंचसं काम पुन्हा ३२ एमबीच्या आवाक्यात येतं.

एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५०६० टीआयची बसही १२८ बिटांचीच आहे. पण तिला जोडलेली मेमरी जीडीडीआर७ जातीची आहे, आणि प्रत्येक वाटेवरून सेकंदाला २८ अब्ज बिट जातात. १२८ गुणिले २८ भागिले ८ केलं की ४४८ जीबी येतात, म्हणजे २०२० च्या कार्डाइतकेच. गणित करणारे गाभे आधीच्या कार्डापेक्षा फक्त सहा टक्के जास्त, कॅशे तीच ३२ एमबी, पिक्सेल लिहिणारी एककंही तीच ४८. तरीही ४के मध्ये ते सहा टक्क्यांपेक्षा बरंच पुढे जातं. त्यामुळे दुकानात पुढच्या वेळी नुसता ‘किती जीबीचं?’ असं न विचारता ‘सेकंदाला किती जीबी?’ असंही विचारा. दुकानदाराला सांगता आलं नाही, तर बसची रुंदी आणि मेमरीचा वेग तेवढा विचारून घ्या. पुढचा गुणाकार मोबाइलवर होतो.