विकत घेतलेले डीएलसी कुठे जाते?

मूळ गेमला जोडायचा नवा नकाशा, नवी कथा किंवा नवी शस्त्रे वेगळे पैसे भरून मिळतात, त्यांना डीएलसी किंवा ॲड-ऑन म्हणतात. स्टोअरमध्ये पैसे भरले की दोन वेगळ्या गोष्टी घडतात. कंपनीच्या सर्व्हरवर ग्राहकाच्या खात्यापुढे ‘या खात्याला हे डीएलसी वापरण्याचा परवाना आहे’ अशी नोंद होते, आणि त्यानंतर डीएलसीची फाइल मशीनवर उतरते. गेम काढून टाकल्यावर फाइल पुसली जाते, पण खात्यावरची नोंद तशीच राहते. म्हणून गेम पुन्हा टाकल्यावर डीएलसी दिसले नाही, तरी बहुतेक वेळा ते गमावलेले नसते. परवाना, फाइल आणि मूळ गेम या तिघांचा मेळ कुठेतरी बसलेला नसतो.

प्लेस्टेशन ४ वरचा ‘ब्लडबोर्न’ हा गेम आणि २०१५च्या नोव्हेंबरमध्ये आलेले त्याचे ‘द ओल्ड हंटर्स’ हे डीएलसी घेतले, तर हा मेळ कसा बसतो आणि कुठे बिघडतो ते नेमके पाहता येते.

प्लेस्टेशन ४ च्या प्रत्येक गेमला CUSA या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो. डिस्कच्या खोक्याच्या कण्यावर तो छापलेला दिसतो. एकच गेम वेगवेगळ्या प्रदेशांत विकला जातो तेव्हा हा क्रमांक बदलतो. ब्लडबोर्नच्या पहिल्या युरोपीय आवृत्तीचा क्रमांक CUSA00207, तर अमेरिकी आवृत्तीचा CUSA00900. स्टोअरमधल्या प्रत्येक वस्तूची लांबलचक ओळखही याच क्रमांकावर उभी असते. युरोपीय आवृत्तीची ओळख `EP9000-CUSA00207_00` अशी सुरू होते. त्यातले EP म्हणजे युरोपीय विभाग; अमेरिकी वस्तूंना तिथे UP लागते. डीएलसीच्या ओळखीतही मूळ गेमचा हाच CUSA क्रमांक असतो. खात्यावर नोंद होते ती या पूर्ण ओळखीची. ‘द ओल्ड हंटर्स’ हे नाव केवळ पडद्यावर दाखवण्यापुरते असते.

उतरवलेली फाइल कुलूपबंद असते आणि परवाना ही तिची किल्ली असते. खात्यावरच्या नोंदीवरून मशीन परवाना मागवते आणि आपल्याजवळ साठवून ठेवते. गेम सुरू झाला की तो मशीनला विचारतो, ‘माझ्या क्रमांकाची कोणती डीएलसी इथे आहेत आणि त्यांतली कोणती परवान्यासह आहेत?’ उत्तर ‘एकही नाही’ असे आले, तर गेम मूळ स्वरूपात निमूटपणे सुरू होतो. बिघाड झाल्याची सूचना येत नाही, कारण गेमच्या दृष्टीने काहीच बिघडलेले नसते. डीएलसी गायब झाल्याचा भास होतो तो बराचसा या शांततेमुळे.

समजा, एकाने ब्लडबोर्नची डिस्क घेतली, स्टोअरमधून द ओल्ड हंटर्स घेतले, आणि पुढे जागा कमी पडली म्हणून गेम काढून टाकला. वर्षभराने त्याने डिस्क पुन्हा घातली. डिस्कवरून उतरतो तो २०१५च्या मार्चमधला मूळ गेम, डीएलसी येण्यापूर्वीचा. द ओल्ड हंटर्स चालण्यासाठी आधी गेमचे अपडेट लागते आणि ते इंटरनेटवरूनच येते. डीएलसीची फाइलही डिस्कवर नसते. गेमच्या पानावर खाली जाऊन आपल्या ॲड-ऑनच्या यादीतून ती वेगळी उतरवावी लागते. पुन्हा टाकल्यानंतर डीएलसी न दिसण्याचे सर्वांत साधे कारण हेच, आणि त्यावरचा उपायही तितकाच सोपा आहे.

फाइल आली, पण तिच्यावर कुलपाचे चिन्ह दिसते, तेव्हा अडचण परवान्याची असते. मशीन पूर्ण पुसून नव्याने सुरू केले किंवा नवे घेतले, की साठवलेले परवाने जातात. सेटिंग्जमधल्या खात्याच्या विभागात ‘Restore Licenses’ हा पर्याय निवडला की मशीन सर्व्हरवरच्या नोंदी पुन्हा वाचते आणि परवाने नव्याने लिहून घेते. त्यात काही पुन्हा उतरत नाही, पैसे लागत नाहीत आणि सेव्हलाही धक्का लागत नाही.

घरात एकाच मशीनवर दोन-तीन खाती असली, की आणखी एक घोळ होतो. डीएलसी थोरल्या भावाच्या खात्यावर घेतलेले असते आणि धाकटा आपल्या खात्यावरून खेळतो. ते मशीन थोरल्याच्या खात्याचे प्रायमरी मशीन असेल, तर त्याचे परवाने घरातल्या सगळ्यांना चालतात. मशीन पुसताना ही नेमणूक गेली, किंवा थोरल्याने दुसऱ्या शहरात आपले नवे मशीन प्रायमरी केले, तर धाकट्याच्या पडद्यावरचे डीएलसी त्याच दिवशी बंद होते. एका खात्याला एका वेळी एकच प्लेस्टेशन ४ प्रायमरी ठेवता येते. ‘Activate as Your Primary PS4’ या पर्यायात सध्याची स्थिती दिसते.

भारतातल्या ग्राहकाने सर्वांत जास्त जपावे ते प्रदेशाच्या गोंधळापासून, कारण त्यावर वरचा एकही उपाय चालत नाही. इथे जुन्या डिस्कची खरेदी-विक्री जोरात चालते आणि परदेशातून आणलेल्या डिस्कही त्यांत मिसळलेल्या असतात. प्लेस्टेशन ४ ला डिस्क कुठल्याही प्रदेशाची चालते, त्यामुळे शंका येत नाही. पहिली डिस्क CUSA00207 ची होती, ती विकली, आणि पुढे CUSA00900 ची अमेरिकी डिस्क स्वस्तात मिळाली, तर गेम व्यवस्थित सुरू होतो. पण खात्यावरचे डीएलसी जुन्या क्रमांकाला बांधलेले असते, आणि नवा गेम फक्त आपल्या क्रमांकाच्या डीएलसीची चौकशी करतो. फाइल आहे, परवाना आहे, तरी दोघांची भेट होत नाही. सेव्हही क्रमांकानुसारच ठेवलेले असल्यामुळे जुना खेळही या डिस्कला सहसा सापडत नाही. डीएलसी आणि सेव्ह दोन्ही एकदमच नाहीसे झालेले दिसले, तर आधी खोक्याचा कणा पाहावा.

कधी तिन्ही गोष्टी जागेवर असतात आणि तरी डीएलसी दिसत नाही, कारण खेळ तिथवर पोचलेला नसतो. द ओल्ड हंटर्ससाठी मुख्य मेनूमध्ये वेगळे दार नाही. व्हिकर अमेलियाला हरवून वेदीवरच्या कवटीला स्पर्श केल्यावर, हंटर्स ड्रीममध्ये परतले की तिथले छोटे दूत एक डोळा देतात आणि तो मिळाल्यावरच पुढची वाट उघडते. गेम नव्याने टाकून पहिल्यापासून खेळणाऱ्याला बराच काळ डीएलसीचा मागमूसही लागत नाही. अशा वेळी ॲड-ऑनच्या यादीत ते उतरलेले दिसते का, एवढे पाहिले तरी शंका मिटते.

अडचण नेमकी कुठे आहे हे ठरवायला स्टोअरमधले त्या डीएलसीचे पान सर्वांत विश्वासाचे. खरेदीच्या खात्याने आत शिरून ते उघडावे. किमतीच्या जागी खरेदी झाल्याची खूण दिसली, तर नोंद शाबूत आहे आणि शोध मशीनवर किंवा डिस्कच्या क्रमांकात घ्यायचा. किंमत दिसत असेल, तर त्या खात्यावर त्या आवृत्तीची नोंदच नाही. मग खरेदी दुसऱ्या खात्यावर किंवा दुसऱ्या प्रदेशाच्या आवृत्तीसाठी झालेली असण्याचा संभव जास्त. ते तपासल्याशिवाय दुसऱ्यांदा पैसे भरू नयेत.