रात्री एक वाजता कामाला येणारी यादी

गाण्यांचा कार्यक्रम संपतो, मंडपवाले आवराआवरीची घाई करतात आणि ऑर्केस्ट्राचं सामान नेमकं तेव्हाच हरवतं. कीबोर्ड कुणी विसरत नाही. बोर्डात खोचलेला त्याचा अ‍ॅडाप्टर मागे राहतो. म्हणून दौऱ्याची यादी वस्तूंच्या प्रकारानुसार करण्यापेक्षा बॅगेनुसार करावी आणि प्रत्येक बॅगेपुढे एकाच माणसाचं नाव लिहावं. ‘सगळ्यांनी बघा’ म्हटलं की कुणीच बघत नाही.

समजा, पुण्यातला सहा जणांचा संच सांगलीला निघालाय. कीबोर्डवाल्याच्या बॅगेत कीबोर्ड, अ‍ॅडाप्टर, सस्टेन पेडल आणि दोन जॅक केबल. तबलजीकडे तबला-डग्गा, हातोडी, चुंबळी. गिटारवाल्याकडे ट्यूनर, कटर आणि तारांचा एक पूर्ण संच. शिवाय पहिल्या, म्हणजे सर्वांत बारीक तारेच्या दोन जादा तारा, कारण ती लवकर तुटते. नवी तार सुरुवातीला सैल पडत राहते. ती हाताने ताणून दोन-तीनदा सुरात लावावी लागते. त्यामुळे जमलं तर दुसरी गिटार तयार ठेवणं जास्त सोयीचं.

केबलच्या पेटीची जबाबदारी मात्र एकाचीच. त्यात लागतील त्याहून दोन केबल जास्त असाव्यात. जॅकपाशी हलवल्यावर केबल खरखरली तर आतली तार सुटत आली असं समजावं. तिला लगेच गाठ मारावी, म्हणजे उद्या ती चुकून स्टेजवर जाणार नाही. केबल कोपराभोवती गुंडाळली तर आतल्या तारांना पीळ बसतो. सैल वेटोळी करावीत.

याच माणसाकडे एक्स्टेन्शन बोर्ड आणि मल्टिमीटर. वाद्यांना वीज थोडीच लागते, सहांचं काम एका लाइनवर भागतं. पण त्याच बोर्डावर हॅलोजन किंवा चहाची किटली लागली की घोटाळा. काही लावण्याआधी व्होल्टेज मोजावं. ते २३०च्या आसपास हवं. मंडपातल्या थ्री-फेज जोडणीत न्यूट्रल सुटला, तर प्लगमध्ये ४००च्या जवळपास व्होल्टेज येऊ शकतं आणि अ‍ॅडाप्टर क्षणात जळतात. स्पीकरमधून गुणगुण येऊ लागली, तर वाद्यांची आणि मिक्सरची वीज एकाच ठिकाणाहून घेऊन पाहावी. अर्थिंगची पिन काढणं हा त्यावरचा उपाय नव्हे. त्यात शॉक बसण्याचा धोका असतो.

टेम्पोत जड पेट्या खाली, वाद्यं वर. स्टँड आणि बोर्ड स्टेजवर आधी लागतात, म्हणून ते शेवटी, दाराशी चढवायचे. ज्याच्या हातात यादी, त्याने सामान उचलायचं नाही. त्याने दाराशी उभं राहून प्रत्येक बॅगेवर खूण करायची. बॅग भरल्याचं मात्र तिच्या मालकाने स्वतः सांगायचं, तेही उघडून बघून. पुण्यात सतरा नग चढले असतील, तर सांगलीतही सतरा चढेपर्यंत दार लागणार नाही.