नांदण्याचा दावा आणि पुढचं एक वर्ष

न्यायिक विभक्ततेत नवरा-बायको कायद्यानं वेगळे राहतात, पण लग्न टिकतं. दुसरं लग्न करता येत नाही. घटस्फोटानं लग्नच संपतं. जोडीदार सबळ कारणाशिवाय दूर गेला, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ खाली नांदण्याचा दावा लावता येतो. हुकूम मिळाला तरी कोणाला बळजबरीनं घरी आणता येत नाही. फार तर मालमत्तेवर जप्ती येते. खरी मेख पुढे आहे. हुकमानंतर वर्षभर एकत्र नांदणं झालं नाही, तर दोघांपैकी कोणीही घटस्फोट मागू शकतो. विभक्ततेच्या हुकमालाही हेच लागू. सरोज राणी खटल्यात दावा पत्नीनं लावला, पतीनं हुकमाला संमती दिली आणि वर्षानंतर त्यानंच घटस्फोट मागितला. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला.