पोस्ट हटवण्याआधी लिंक जपा

समजा, डोंबिवलीतल्या एका सोसायटीत पार्किंगवरून भांडण झालं. समितीवर असलेल्या एका शिक्षिकेने नियमावर बोट ठेवलं आणि समोरच्याला ते झोंबलं. शुक्रवारी संध्याकाळी शहराच्या एका फेसबुक ग्रुपवर तिचा फोटो, मोबाईल नंबर, इमारतीचं नाव, विंग आणि फ्लॅट नंबर असलेली पोस्ट पडली. खाली लिहिलं होतं, ‘बाईंना जरा फोन करून समजवा.’ रात्री नऊपर्यंत अनोळखी फोनांची रांग लागली, व्हॉट्सअ‍ॅपवर घाणेरडे मेसेज आले आणि दहा वाजता कुणीतरी खाली वॉचमनकडे तिच्या फ्लॅटची चौकशी करून गेलं.

अशा वेळी बहुतेक जण आधी कमेंटमध्ये उत्तर देतात, मग ओळखीच्या सगळ्यांना ‘ही पोस्ट रिपोर्ट करा’ असा निरोप पाठवतात आणि शेवटी सिम बदलतात. या तिन्ही गोष्टी नुकसान करतात. कमेंट पडली की पोस्ट आणखी लोकांसमोर जाते. पन्नास मित्रांनी ‘स्पॅम’ म्हणून केलेल्या तक्रारीपेक्षा जिची माहिती आहे तिने योग्य प्रकार निवडून केलेली एक तक्रार जास्त उपयोगी पडते. आणि सिम बदललं तर बँकेचे ओटीपी अडकतात, शिवाय कोणत्या नंबरवरून किती वाजता फोन आले हा पोलिसांना लागणारा धागाही विस्कटतो. नंबर चालू ठेवावा, अनोळखी कॉलची रिंग बंद करावी आणि कॉलची यादी पुसू नये. डीएनडी लावून इथे फायदा नाही. ते फक्त जाहिरातींच्या कॉलसाठी आहे.

पहिला अर्धा तास पुराव्याला द्यावा. भीतीने हात थरथरत असताना हे सांगणं कठोर वाटेल, म्हणून हे काम शक्यतो घरातल्या किंवा विश्वासातल्या दुसऱ्या माणसाने करावं. पोस्टवरच्या वेळेवर टिचकी मारली की ती पोस्ट स्वतंत्र पानावर उघडते. त्या पानाची लिंक कॉपी करून ठेवायची. ग्रुपची लिंक चालत नाही, कारण तक्रार वाचणाऱ्याला हजारो पोस्टमधून ही एक शोधायला वेळ नसतो. पोस्ट टाकणाऱ्याच्या प्रोफाइलचीही लिंक घ्यायची. नाव आणि फोटो तो दहा मिनिटांत बदलू शकतो, पण लिंकमध्ये खात्याचा क्रमांक असेल तर त्यावरून खातं ओळखता येतं. मग कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये पोस्ट उघडून स्क्रीनशॉट घ्यायचा, म्हणजे वर पत्ता आणि कोपऱ्यात तारीख-वेळ दिसते. ग्रुपवरून पोस्टवर आणि पोस्टवरून प्रोफाइलवर जातानाचं स्क्रीन रेकॉर्डिंग केलं तर आणखी चांगलं. चित्र कापायचं नाही, त्यावर बाण-वर्तुळं काढायची नाहीत. कुणाला पाठवायचं असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायचं, नाहीतर फाइल दाबून छोटी होते. ज्या यंत्रावर हे घेतलं ते विकायचं किंवा फॉरमॅट करायचं नाही, कारण कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि तिथे मूळ यंत्राचा प्रश्न येतो.

एवढं झालं की पोस्ट हटवण्याच्या मागे लागावं. सगळ्यात जवळची वाट ग्रुपच्या अ‍ॅडमिनची. त्याला शांतपणे, एका ओळीत सांगावं की यात घराचा पत्ता आहे, आत्ता काढा. अनेकदा तो काढतोही. मात्र अ‍ॅडमिनने किंवा पोस्ट टाकणाऱ्याने स्वतः काढलेली पोस्ट आणि कंपनीने तक्रारीवरून काढलेली पोस्ट यांत फरक आहे. आपल्याकडच्या २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार कंपनीने तक्रारीवरून मजकूर काढला तर तो आणि त्याच्याशी जोडलेल्या नोंदी तपासासाठी १८० दिवस जपून ठेवणं तिच्यावर बंधनकारक आहे. म्हणून अ‍ॅडमिनला सांगितलं तरी कंपनीकडे तक्रार करावीच, आणि शक्य असेल तर आधी करावी.

ही तक्रार दोन पायऱ्यांची आहे. पहिली पायरी म्हणजे पोस्टवरच्या तीन टिंबांतून केलेला रिपोर्ट. इथे ‘खासगी माहिती’ किंवा ‘छळ’ याच्या जवळचा पर्याय निवडावा. ‘आवडलं नाही’ किंवा ‘खोटी बातमी’ निवडलं तर तक्रार भलत्याच रांगेत जाते. या रिपोर्टला पुष्कळदा साचेबंद नकार येतो. त्याने खचू नये, कारण खरा जोर दुसऱ्या पायरीत आहे. ५० लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्या प्रत्येक समाजमाध्यमाला भारतात राहणारा तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव व संपर्क वेबसाइटवर द्यावा लागतो. तक्रारीची पोच २४ तासांत द्यायची असते. दुसऱ्याच्या खासगीपणावर घाला घालणारा मजकूर काढण्याच्या मागणीला २०२२ च्या दुरुस्तीने ७२ तासांची मुदत घातली आणि पुढे ती आणखी आखडली. तेव्हा ७२ तास हीच जास्तीत जास्त मर्यादा धरून पाठपुरावा करावा.

त्या अधिकाऱ्याला लिहिताना पार्किंगचं भांडण सांगत बसू नये. त्याला निवाडा करायचा नाही, मजकूर तपासायचा आहे. आपल्या शिक्षिकेने इतकंच लिहिलं तरी पुरे:

‘सोबतच्या लिंकवर माझा मोबाईल नंबर आणि राहत्या घराचा संपूर्ण पत्ता माझ्या संमतीशिवाय दिला आहे आणि लोकांना मला फोन करण्यास सांगितले आहे. पोस्ट आल्यापासून मला अनोळखी कॉल व अश्लील संदेश येत आहेत. एक व्यक्ती इमारतीपाशी येऊन गेली. हा मजकूर नियम ३(१)(ब) खाली येतो. तो काढावा आणि संबंधित नोंदी जपून ठेवाव्यात. लिंक, स्क्रीनशॉट व ओळखपत्र जोडले आहे.’

ओळखपत्र जोडताना आधारचे शेवटचे चार आकडे सोडून बाकीचे झाकावेत. झाकण्यासाठी काळी चौकट वापरावी. फोनमधला मार्कर थोडा पारदर्शक असतो. चित्राचा उजेड वाढवला की खालचे आकडे वाचता येतात. हीच काळजी पोलिसांना जाहीरपणे टॅग करताना घ्यायला हवी. मदत मागण्याच्या घाईत लोक तोच स्क्रीनशॉट जसाच्या तसा टाकतात आणि जो पत्ता एका ग्रुपपुरता होता तो आपल्याच हाताने गावभर करतात. हे पाहून दरवेळी वाईट वाटतं.

अधिकाऱ्याने नकार दिला किंवा मुदतीत उत्तर दिलं नाही, तर gac.gov.in वर अपील करता येतं. केंद्र सरकारने २०२३ मध्ये नेमलेल्या अपील समित्या तिथे काम करतात. नकार मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करायचं असतं; सगळं ऑनलाइन होतं, वकील लागत नाही. फक्त आधीच्या तक्रारीचा क्रमांक हाताशी हवा, आणि तो नसल्यामुळेच पुष्कळांची वाट इथे अडते.

नकार कधी रास्तही असतो. दुकानाच्या पाटीवरचा नंबर, क्लासच्या जाहिरातीत आपणच दिलेला मोबाईल किंवा नुसतं ‘डोंबिवली पूर्वेला राहते’ एवढा उल्लेख खासगी माहिती म्हणून सहसा काढला जात नाही. आपली शिक्षिका त्याच नंबरवर शिकवणीची जाहिरात करत असती, तर नंबरवर भर न देता घराचा पत्ता आणि ‘फोन करून समजवा’ ही चिथावणी यांवर तक्रार उभी करावी लागली असती.

पोलिसांकडे जायचं काम याच्या समांतर चालतं. कुणी दारात आलं असेल तर थेट ११२ फिरवावा. १९३० हा क्रमांक पैशांच्या ऑनलाइन फसवणुकीसाठी आहे. बाकी तक्रार cybercrime.gov.in वर नोंदवता येते, पण ती म्हणजे एफआयआर नव्हे. तिथला पोचक्रमांक घेऊन पोलीस ठाण्यात जावंच लागतं. भारतीय कायद्यात पत्ता उघड करणे या नावाचा स्वतंत्र गुन्हा नाही, त्यामुळे ‘हा तुमचा आपसातला वाद आहे’ असं उत्तर मिळू शकतं. म्हणून ठाण्यात पोस्टपेक्षा तिच्या परिणामांबद्दल बोलावं. निनावी धमकी आली असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१ लागतं. स्पष्ट नकार दिल्यावरही एखादा पुरुष स्त्रीला वारंवार संपर्क करत राहिला तर कलम ७८ लागतं, म्हणून ‘मला संपर्क करू नका’ असा एक लेखी मेसेज पाठवून मगच ब्लॉक करावं. अश्लील मजकुरासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ आहे. पीडित पुरुष असेल तर ७८ उपयोगी नाही. बाकीची दोन्ही आहेत. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही, कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. तरीही नोंद घेतली नाही तर लेखी तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे, आयुक्तालय असेल तिथे उपायुक्तांकडे, पाठवावी.

समजा सोमवारी फेसबुकवरची पोस्ट गेली. आता तिच्या प्रती शोधायच्या. गुगलवर नंबर अवतरणचिन्हांत टाकून शोधावा: एकदा सलग दहा आकडे, एकदा पाच आकड्यांनंतर जागा सोडून, एकदा पुढे +91 लावून. प्रत्येक प्रतीची लिंक वेगळी आणि तक्रारही वेगळी. काही पानं अशा वेबसाइटवर सापडतात जिथे उत्तर द्यायला कुणी बसलेलंच नसतं. तिथे गुगलचा खासगी माहिती हटवण्याचा अर्ज कामी येतो. घराचा पत्ता, फोन, ईमेल असलेले निकाल त्यातून काढून मागता येतात. चिथावणी सोबत असेल तर ते अर्जात आवर्जून लिहावं. मात्र गुगल फक्त शोधातून निकाल वगळतं, मूळ पान जागेवरच राहतं. याच्या उलटही घडतं: पान गेलेलं असतं, पण शोधात जुन्या ओळी दिसत राहतात. त्यासाठी जुना मजकूर ताजा करून घेण्याचा गुगलचा वेगळा अर्ज आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेल्या प्रती मात्र हाती लागत नाहीत. ग्रुप रिपोर्ट केला तर कंपनीकडे शेवटचे पाच मेसेज जातात, त्यामुळे पत्ता असलेला मेसेज मागे पडण्याआधी तो मेसेजच दाबून धरून रिपोर्ट करावा. ग्रुपचा अ‍ॅडमिन तो सगळ्यांसाठी पुसू शकतो, पण ज्यांनी फोटो आधीच गॅलरीत उतरवून घेतला त्यांच्याकडून तो परत मिळत नाही. अशा वेळी वॉचमनला नाव विचारणाऱ्याची नोंद ठेवायला सांगणं, शाळेला आणि शेजाऱ्यांना कल्पना देणं हेच काम उरतं, आणि ते निदान काही आठवडे चालू ठेवावं लागतं.